सहीभोवतीची पांढरी चौकट कशी घालवायची: स्कॅन केलेल्या सहीची पारदर्शक पीएनजी

आमच्या सोसायटीच्या देखभाल पावत्या आता पीडीएफ होऊन जातात. पावतीच्या तळाशी फिकट हिरवी पट्टी आहे आणि सचिव संजीवनीताईंची सही त्या पट्टीवर येते. पहिल्या महिन्यात सहीच्या मागे राखाडी चौकोन दिसला. दुसऱ्या महिन्यात चौकोन गेला, पण अक्षरांना पांढरी कड आली आणि ‘सं’वरचा अनुस्वार गायब झाला. दोन्ही वेळा सही स्कॅन करून ‘पांढरा भाग खोडला’ होता, आणि चूक तिथेच होती.

स्कॅन केलेला कागद संगणकाच्या लेखी पांढरा नसतो. प्रत्येक बिंदूला 0 ते 255 असा आकडा असतो, 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे शुद्ध पांढरा. आपला ‘पांढरा’ कागद 226 ते 245 च्या आसपास कुठेतरी असतो, तोही कोपऱ्याकोपऱ्यात वेगळा. त्यातच शाईची कड एकदम संपत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तीन-चार बिंदूंत ती हळूहळू विरते. म्हणून इरेझर चालवण्याआधी कागद किती पांढरा आहे ते मोजायचे, त्याला पुरता पांढरा करायचे, आणि मग पांढरेपणाचे रूपांतर पारदर्शकतेत करायचे. हा क्रम पाळला की खोडायला जवळपास काही उरतच नाही.

खालची कृती गिम्प या मोफत प्रोग्रॅममधली आहे. मेनूची नावे स्क्रीनवर दिसतात तशीच दिली आहेत.

## सुरू करण्याआधी: कुठली सही, कुठला कागद

बँकेत नमुना म्हणून दिलेली, चेकवर चालणारी सही या कामाला वापरू नका. पीडीएफमध्ये ठेवलेले चित्र ज्याच्या हातात ती फाइल आहे तो कोणीही बाहेर काढू शकतो, आणि पार्श्वभूमी आपणच काढून दिलेली असल्याने त्याचे काम आणखी सोपे होते. पावत्या आणि पत्रांसाठी पूर्ण नावाची, वाचता येईल अशी वेगळी सही ठरवा. संजीवनीताईंनी तसेच केले. चेकवर त्या इंग्रजीत आखूड सही करतात, पावतीवर मराठीत पूर्ण नाव येते.

कागद कोरा, गुळगुळीत आणि बिनरेघी घ्या. वहीचा आखीव कागद घेतलात तर रेघ शाईला जिथे छेदते तिथे ती वेगळी करता येत नाही. मागच्या बाजूला छापलेला कागदही नको, स्कॅनरच्या दिव्यात मागची अक्षरे पुढे उमटतात.

पेन 0.7 चे काळे किंवा गडद निळे जेल. बॉलपेन मध्येमध्ये सुटते, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या फटी मोठ्या केलेल्या चित्रात पांढऱ्या खाचा होऊन दिसतात. फिकट निळी शाई टाळा. एकाच कागदावर आठ-दहा सह्या करा, प्रत्येकीत तीन-चार बोटे अंतर ठेवा. पहिल्या दोन-तीन सह्या हात आखडून होतात, पाचवी-सहावी बहुधा नेहमीसारखी येते. सही नेहमीच्याच आकाराची करा. मुद्दाम मोठी केली तर वळणे बदलतात आणि लहान केल्यावर रेघ केसासारखी बारीक दिसते.

इशारा: जेलची शाई पुरती वाळू द्या, दहा मिनिटे तरी. ओला कागद काचेवर ठेवला की सही पसरते आणि काचेवरचा डाग पुढच्या प्रत्येक स्कॅनमध्ये येतो.

## टप्पा 1: स्कॅन

स्कॅनरची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. मोड रंगीत किंवा ग्रेस्केल ठेवा. बरेच जण ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘टेक्स्ट’ निवडतात, कारण सही तर काळी-पांढरीच आहे असे वाटते. त्या मोडमध्ये बिंदू एकतर पूर्ण काळा होतो नाहीतर पूर्ण पांढरा. विरत जाणारी कड कापली जाते, रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि गेलेली कड नंतर परत आणता येत नाही.

रिझोल्यूशन 600 डीपीआय. सहा सेंटिमीटर रुंद सहीला त्यात साधारण 1,400 बिंदू मिळतात, म्हणजे छापायलाही पुरून उरतात. आपोआप उजळ करणे, धार वाढवणे असे पर्याय स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये असतील तर बंद करा. धार वाढवली की रेघेभोवती एक उजळ वलय तयार होते. फाइल पीएनजी किंवा टिफ म्हणून जतन करा. जेपीजीमध्ये शाईभोवती फिकट ठिपक्यांची धूळ बसते, आणि पारदर्शक पार्श्वभूमीवर तीच आधी नजरेत भरते.

स्कॅनर नसेल आणि मोबाइलनेच फोटो काढणार असाल, तर दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसताना, फोन कागदाला समांतर धरून काढा. फ्लॅश नको. तरीही एका बाजूला सावली येतेच. ती घालवायला गिम्पमध्ये लेयरची प्रत करा, वरच्या प्रतीला `Filters ▸ Blur ▸ Gaussian Blur` मधून 100 च्या आसपास ब्लर द्या, तिचा मोड `Divide` करा आणि मग `Image ▸ Flatten Image`. ब्लर केलेल्या प्रतीत सही जवळपास विरून जाते आणि फक्त सावलीचा उतार उरतो. मूळ चित्राला त्याने भागले की कागद सगळीकडे सारखा होतो.

तपासणी: चित्र 200 टक्के मोठे करून बघा. रेघेची कड मऊ दिसली पाहिजे, जिन्यासारखी नाही. तशी दिसली तर पुढे जाऊ नका, पुन्हा स्कॅन करा.

## टप्पा 2: एक सही निवडून कापणे

गिम्पमध्ये फाइल उघडा. आधी `Image ▸ Mode ▸ RGB` वर खूण आहे ना ते बघा. ग्रेस्केल राहिले तर शेवटी निळा रंग भरता येणार नाही. आठ-दहातली सर्वांत सहज आलेली सही निवडा, भोवती थोडी मोकळी जागा ठेवून ढोबळ कापून घ्या. कागद काचेवर तिरका ठेवला गेला असेल तर आताच सरळ करा. सहीचा स्वतःचा चढता कल मात्र तसाच राहू द्या.

यानंतर `Colors ▸ Desaturate ▸ Desaturate`. त्यात `Luminance` हा पर्याय ठेवा. `Value` घेतला तर निळी शाई फार फिकट होते. रंग आता गेला तरी काळजी नाही, शेवटी आपण तो स्वच्छ भरणार आहोत.

इशारा: गिम्प 3 वापरत असाल तर या आणि पुढच्या प्रत्येक रंगाच्या खिडकीत तळाशी `Merge filter` वर खूण करा. नाहीतर बदल लेयरवर नुसता पांघरलेला राहतो आणि टप्पा 6 मध्ये भरलेला रंग त्याच्या खाली जाऊन सगळे बिघडते.

## टप्पा 3: कागद मोजणे आणि पांढरा करणे

हीच पायरी लोक गाळतात, आणि राखाडी चौकोन येतो तो इथूनच. `Color Picker` हे साधन घ्या, शिफ्ट दाबून कागदावर क्लिक करा, आकडे दाखवणारी खिडकी उघडेल. कागदाच्या चारही कोपऱ्यांवर आणि सहीच्या आतल्या मोकळ्या जागेत क्लिक करून सर्वांत कमी आकडा लिहून ठेवा. मग जाड रेघेच्या मध्यावर चार-पाच ठिकाणी क्लिक करा आणि तिथला सर्वांत जास्त आकडा लिहा.

संजीवनीताईंच्या सहीत कागद 244 ते 226 होता. घडीजवळचा कोपरा सर्वांत मळका. शाईचा मध्य 58 ते 72. म्हणजे 226 आणि 72 हे आपल्या कामाचे दोन आकडे.

`Colors ▸ Levels` उघडा. `Input Levels` खाली तीन खुणा असतात. उजवीकडची, पांढरी खूण कागदाच्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा दहा-अकराने खाली आणा, आमच्याकडे 215. डावीकडची, काळी खूण शाईच्या सर्वांत जास्त आकड्याच्या किंचित वर, आमच्याकडे 75. मधली खूण 1.00 वर तशीच. आता 215 च्या वरचे सगळे शुद्ध पांढरे झाले, 75 च्या खालचे सगळे शुद्ध काळे, आणि मधल्या आकड्यांत कडेचा मऊपणा शाबूत राहिला.

ही पायरी गाळली तर काय होते त्याचा हिशोब सोपा आहे. कागद 240 असेल तर तो शुद्ध पांढऱ्यापासून 15 ने लांब आहे. 255 पैकी 15 म्हणजे सुमारे 6 टक्के शाई, पूर्ण चौकोनभर पसरलेली. पांढऱ्या पानावर ती दिसत नाही, म्हणून काम झाले असे वाटते. पावतीच्या हिरव्या पट्टीवर ती दिसते.

इशारा: पांढरी खूण 150-160 पर्यंत ओढण्याचा मोह टाळा. कागद झटकन स्वच्छ होतो, पण सहीच्या शेवटी पेन उचलताना विरत गेलेली शेपटी आणि दोन अक्षरांना जोडणारी बारीक रेघ त्याबरोबर जाते. मूळ स्कॅन शेजारी उघडून ठेवा आणि प्रत्येक शेपटी अजून तितकीच लांब आहे का ते ताडून पाहा.

## टप्पा 4: डाग हाताने काढणे

उरलेले ठिपके आताच, पांढऱ्यावर दिसत असताना काढा. पांढऱ्या रंगाचा ब्रश घ्या आणि एकेक ठिपका झाका. `Despeckle` सारखा आपोआप ठिपके काढणारा फिल्टर लावू नका. देवनागरी सहीत सुटे ठिपके अर्थाचे असतात. अनुस्वार, नुक्ता, इंग्रजी आद्याक्षरांनंतरचे पूर्णविराम, सहीखालच्या रेघेशेजारी सवयीने दिलेले दोन टिंब. फिल्टरला धूळ आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. आमचा अनुस्वार असाच गेला होता. मूळ कागद समोर ठेवून टिंबे मोजा, तेवढी राखा, बाकीची पुसा.

अक्षराच्या रेघेतच खाच असेल तर ती भरू नका. चांगली सही निवडा. खाच भरलेली सही कागदावरच्या सहीशेजारी ठेवली की वेगळी वाटते.

## टप्पा 5: पांढऱ्याचे पारदर्शक करणे

`Layer ▸ Transparency ▸ Add Alpha Channel` करा. अल्फा म्हणजे बिंदू किती अपारदर्शक आहे त्याचा आकडा. हा पर्याय मंद दिसत असेल तर अल्फा आधीच आहे, पुढे चला. मग `Colors ▸ Color to Alpha`, रंग शुद्ध पांढरा, `ffffff`. ठीक म्हटले की मागे चौकटी-चौकटीची पार्श्वभूमी दिसेल.

जादूच्या कांडीने, म्हणजे `Fuzzy Select` ने पांढरा भाग निवडून डिलीट करण्याची सवय असेल तर ती इथे मोडा. कांडी एका बिंदूपासून लगतचा भाग निवडत जाते. त्यामुळे ‘व’, ‘ब’, ‘म’ यांच्या गाठीत आणि सहीच्या मोठ्या फेऱ्यात अडकलेला पांढरा भाग तसाच राहतो. एकेक गाठ निवडून तो काढलात तरी कडेचा प्रश्न उरतो. अर्धवट राखाडी बिंदू कांडी एकतर पूर्ण ठेवते नाहीतर पूर्ण काढते. ठेवले तर पांढरट कड, काढले तर करवतीसारखी रेघ. `Color to Alpha` त्या बिंदूला अर्धा काळा न ठेवता पूर्ण काळा पण अर्धा पारदर्शक करते. मग खाली हिरवे असो की निळे, कड त्यात मिसळते.

तपासणी: `Color Picker` ने पुन्हा क्लिक करा. रेघेच्या मध्यावर अल्फा 100 टक्के, मोकळ्या जागेत 0 आला पाहिजे. मोकळ्या जागेत 2-3 टक्केही आले तर टप्पा 3 वर परत जा आणि पांढरी खूण पाच-सात आकडे खाली आणा.

## टप्पा 6: रंग भरणे, लाल पाटीवर बघणे

सही काळीच हवी असेल तर रंग भरायचा नाही. निळी हवी असेल तर लेयरच्या पॅनेलमध्ये `Lock alpha` सुरू करा, पुढचा, म्हणजे फोरग्राउंडचा रंग गडद निळा घ्या, आमच्याकडे `14246e`, आणि `Edit ▸ Fill with FG Color`. अल्फा कुलूपबंद असल्याने रंग फक्त शाईवर चढतो.

निळ्या शाईचा मूळ रंग ठेवून थेट `Color to Alpha` केले तर रेघ मध्यावरही थोडी पारदर्शक होते, कारण निळ्या शाईतला सर्वांत गडद घटक, म्हणजे लाल, स्कॅनमध्ये पुरता शून्य नसतो आणि तेवढी ती पांढऱ्याच्या जवळ धरली जाते. मग तक्त्याची रेघ किंवा शिक्का सहीतून आरपार दिसतो. रंग आधी काढून शेवटी भरला तो यासाठीच.

आता सहीच्या खाली नवा लेयर घ्या आणि त्यात भडक लाल भरा. 200 टक्क्यांवर नेऊन कडा बघा, गाठी बघा, मोकळी जागा बघा. मग तोच लेयर काळा करून पुन्हा बघा. काळ्यावर निळी सही फारशी दिसणार नाही, पण राहिलेली पांढरी धूळ लगेच दिसते. तपासून झाले की तो लेयर काढून टाका.

## टप्पा 7: कापणे आणि जतन

`Image ▸ Crop to Content` चौकट सहीला घट्ट चिकटवते. चौकट घट्ट न होता एका बाजूला रुंद राहिली, तर त्या टोकाला डोळ्यांना न दिसणारा एखादा ठिपका उरला आहे. तो शोधून इरेझरने काढा आणि पुन्हा कापा.

`File ▸ Export As` मधून नावाला `.png` लावून जतन करा. रिझोल्यूशन जतन करण्याची खूण असू द्या, म्हणजे वर्डमध्ये सही खऱ्या आकारात येईल. मूळ स्कॅन आणि गिम्पची `.xcf` फाइलही ठेवा.

ज्यांना कमांड चालवायची सवय आहे आणि समितीच्या पाच-सहा जणांच्या सह्या करायच्या आहेत, त्यांना इमेजमॅजिक सोयीचे. डाग हाताने काढलेल्या ढोबळ कापलेल्या स्कॅनवर हे चालवा:

```
magick sahi.png -alpha off -colorspace Gray -level 29%,84% -negate -background "#14246e" -alpha shape -trim +repage sahi-final.png
```

29 आणि 84 टक्के हे आमचेच 75 आणि 215, 255 पैकी टक्क्यांत. तुमचे आकडे मोजून तिथे घाला, दुसऱ्याच्या कागदाचे आकडे तुमच्या कागदाला बसत नाहीत.

## टप्पा 8: कागदपत्रात ठेवताना

फाइल दुसऱ्याला पाठवायची तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे जेपीजी होते आणि पारदर्शकता जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वर्डमध्ये `Insert ▸ Pictures`, मग `Wrap Text ▸ In Front of Text`. रुंदी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि कोपऱ्यातूनच ओढा, बाजूने ओढली की अक्षरे चपटी होतात. सहीची रेघ नावाच्या छापील ओळीला किंचित स्पर्श करू द्या, हाताने केलेली सही तशीच येते. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढताना `PDF/A-1b` निवडले असेल तर ते काढा. त्या प्रकारात पारदर्शकता चालत नाही, आणि मागची पांढरी चौकट पुन्हा उगवू शकते. इतकी मेहनत घेऊनही चौकट दिसली तर आधी हेच तपासा.

परीक्षेच्या किंवा सरकारी अर्जाच्या पोर्टलवर सही चढवायची असेल तर ही फाइल तिथे सहसा चालत नाही. तिथे बहुधा पांढऱ्या पार्श्वभूमीची जेपीजी, ठरावीक केबीमध्ये मागतात. पारदर्शक पीएनजी तशीच जेपीजी केली तर काही प्रोग्रॅम मागे काळे भरतात. टप्पा 4 संपल्यावर, पारदर्शक करण्याआधीच, एक प्रत जेपीजी म्हणून काढून ठेवा.

हे चित्र म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधली डिजिटल सही नव्हे. तिच्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि पीडीएफमध्ये नंतर बदल झाला तर तिच्यावरून तो कळतो. आपल्या पीएनजीवरून काहीच कळत नाही. पावती, सूचना, आभारपत्र यांना ती पुरते. करारनामा किंवा विवरणपत्र असेल तर प्रमाणपत्रावरची सही किंवा पेनाचीच सही. फाइल समितीच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका. संजीवनीताईंची फाइल त्यांच्याच संगणकावर असते. पावत्यांची पीडीएफ त्या स्वतः काढतात आणि आम्हाला फक्त तयार पीडीएफ मिळते.